खोली एक, घड्याळे सहा

रमजानच्या महिन्यात पोंभुर्ण्यासारख्या गावात पहाटे चारच्या सुमारास एखाददुसऱ्या खिडकीत उजेड दिसू लागतो. भांड्याचा आवाज येतो, नळाखालची बादली वाजते, कुठेतरी मोबाइलचा गजर तीनदा वाजून बंद होतो. सहेरीची ही लगबग रोजेदारांच्या घरात आनंदाची असते. पण त्याच घरात, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, आणखीही माणसे झोपलेली असतात. कुणाचा दहावीचा पेपर असतो, कुणी आजारपणामुळे रोजा धरू शकत नाही, कुणी सहा वर्षांचे पोर असते. त्यांची झोप त्या उजेडाने आणि आवाजाने तुटते. रोजेदाराला किमान कारण तरी ठाऊक असते. बाकीच्यांना दिवसभर नुसते डोळे जड असतात.

हा प्रश्न एका महिन्याचा नाही आणि एका समाजाचाही नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला घरातून अंधारात निघणारी माणसे या तालुक्यात आहेत. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हाही दिवस पहाटेच सुरू होतो. शेतीच्या पंपाला वीज रात्री मिळते त्या आठवड्यात शेतकरी मध्यरात्री ओलिताला जातो. बल्लारपूर-चंद्रपूरकडच्या कारखान्यांत आणि खाणींत पाळ्या चालतात, आणि पाळीचा माणूस सगळे झोपलेले असताना घरी येतो किंवा सगळे उठल्यावर झोपतो. रमजान फक्त ही गोष्ट एका महिन्यासाठी ठळक करून दाखवतो. म्हणूनच घराने बसून झोपेचा हिशेब करायचा असेल, तर त्याला हाच महिना बरा.

खोली वाढवता येत नाही, हे उघड आहे. पण खोली वेळेत वाटता येते. मुंबईच्या गिरणगावाने हे कधीच करून दाखवले होते. 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एकेक खोली जेमतेम 160 चौरस फुटांची. तशाच खोल्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी कामगार एकत्र राहत. एका पाळीचे कामगार गिरणीत असत तेव्हा दुसऱ्या पाळीचे त्याच जागी पाठ टेकत. वळकटी गुंडाळून भिंतीशी जाई आणि तीच जागा दुसऱ्याची होई. जे मावत नसत ते गॅलरीत, गच्चीत किंवा फुटपाथवर झोपत. ते आयुष्य सुखाचे होते असे कुणी म्हणणार नाही. पण त्या खोलीत एक गोष्ट स्पष्ट असे : आत्ता ही जागा कुणाच्या झोपेची आहे, हे प्रत्येकाला माहीत असे. आपल्या घरांत नेमके हेच ठरलेले नसते. घरात पाच-सहा जण झोपतात, पण कुठली वेळ कुणाची, हे कुणी कधी बोललेलेच नसते.

वेळ वाटायची तर किती आणि कशी, याचा एक चांगला आधार झोपेच्या अभ्यासातून मिळतो. प्रौढ माणसाला चोवीस तासांत साधारण सात तास झोप लागते, आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास. ही झोप एका दमात मिळाली तर उत्तमच. पण ज्यांना ती मिळूच शकत नाही, त्यांच्यासाठी मँचेस्टरच्या मायनर्स आणि वॉटरहाउस या दोन संशोधकांनी 1981मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. त्यांनी काही जणांना रोज चार तास ठरलेल्या वेळी झोपू दिले आणि उरलेले चार तास दररोज वेगवेगळ्या वेळी. असे असूनही त्यांच्या शरीराचे तापमान चोवीस तासांच्या तालात चढत-उतरत राहिले. म्हणजे आतले घड्याळ बिघडले नाही. या ठरलेल्या तुकड्याला त्यांनी नांगराची उपमा दिली. होडी लाटांवर हलते, पण नांगर टाकलेला असेल तर वाहून जात नाही.

घरासाठी याचा अर्थ सोपा आहे. सगळ्यांना सलग आठ तास शांतता देण्याचा आग्रह सोडावा. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला किमान चार तासांचा, शक्य असेल तर पाच-सहा तासांचा एक तुकडा द्यावा, जो रोज त्याच वेळी असेल आणि ज्यात त्याला कुणीही उठवणार नाही. उरलेली झोप दुसऱ्या तुकड्यात भरून काढता येते. चार तास म्हणजे पुरेशी झोप, असा मात्र याचा अर्थ काढू नये. नांगराने घड्याळ जागेवर राहते, झोपेची गरज भागत नाही. दुसरा तुकडा लागतोच.

हे कागदावर कसे उतरते, ते एका नमुन्याच्या घरावरून पाहू. असे घर पोंभुर्ण्यात कुठल्याही मोहल्ल्यात सापडेल. एक झोपायची खोली, तिला लागून छोटे स्वयंपाकघर, पुढे छपरी. घरात सहा माणसे. वडील शिवणकाम करतात. आई घर सांभाळते. मोठा मुलगा रात्री दहा ते सकाळी सहा पहारेकऱ्याची नोकरी करतो. मुलगी दहावीला आहे आणि तिचे पेपर सुरू आहेत. धाकटा सहा वर्षांचा. आजीला साखरेचा आजार असल्याने ती रोजा धरत नाही, आणि रात्री दोनदा तरी तिला लघवीला उठावे लागते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आपल्या भागात सहेरीची वेळ सव्वापाचच्या सुमारास संपते आणि इफ्तार सहा वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो. या घरात तरावीह संपवून वडील पावणेदहाला येत. मग चहा व्हायचा, मोबाइल बघणे व्हायचे, बोलणे व्हायचे. दिवा बंद व्हायला पावणेबारा वाजत. आई भांडी आवरून सर्वांत शेवटी पडायची आणि साडेतीनला सर्वांत आधी उठायची. ट्यूबलाइट लागली की सगळी खोली जागी. सहेरी आणि फजरनंतर वडील पुन्हा दोन तास झोपत. आईला ते जमत नसे, कारण धाकट्याची सकाळची शाळा आणि आजीचा चहा. दुपारी खोलीत रात्रपाळीचा मुलगा झोपलेला, म्हणून ती तिथेही पाठ टेकत नसे.

आता हिशेब करा. वडिलांची झोप जवळजवळ सहा तास भरते. मुलाची तुटक का होईना, पाच तास होते. मुलीची रात्री बारा ते साडेतीन. आईची पावणेबारा ते साडेतीन, म्हणजे पावणेचार तास, आणि दुसरा तुकडा नाहीच. महिनाभर हे चालले तर रोज तीन-सव्वातीन तासांची तूट एकाच माणसाच्या अंगावर पडते. घरातले बाकीचे म्हणतात, आई हल्ली चिडचिड करते. ती मात्र उकळत्या तेलाच्या कढईसमोर उभी असते, आणि तिच्या डोळ्यांवर झापड असते.

वाटणीचा कागद म्हणूनच आईपासून सुरू करावा. जो सर्वांत शेवटी झोपतो आणि सर्वांत आधी उठतो, त्याचा नांगर आधी टाकायचा. या घरात तो रात्री सव्वादहा ते पहाटे चार वाजून दहा मिनिटे असा टाकता येतो, म्हणजे जवळजवळ सहा तास. त्यासाठी दोन गोष्टी हलवाव्या लागतात. भांडी तिने घासायची नाहीत. ती तरावीहून आल्यावर वडिलांनी आणि मुलीने दहाच्या आत उरकायची. आणि सहेरीची तयारी पहाटे करायची नाही. इफ्तारनंतर साडेसात-आठच्या सुमारास कणीक मळून ठेवायची, भाजी किंवा डाळ शिजवून ठेवायची. कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर यांना पहाटे जागा नाही. पहाटे लागणारी भांडी रात्रीच जाड फडक्यावर मांडून ठेवली, तर स्टीलच्या मांडणीतून एकेक काढताना होणारी खडखड टळते. मग पहाटे उरते फक्त पोळ्या टाकणे आणि गरम करणे. त्याला पंचवीस मिनिटे पुरतात. साडेतीनला उठायचे कारणच राहत नाही.

वडील आणि मुलगी साडेचारला उठतात. मुलीने रात्री बारापर्यंत वाचण्यापेक्षा दहाला झोपावे आणि फजरनंतर पावणेसहापासून वाचावे. तास तेवढेच होतात, पण रात्रीच्या झोपेचा पहिला भाग शाबूत राहतो. गाढ झोप मुख्यतः पहिल्या तीन-चार तासांत लागते. तोच भाग पुस्तकावर पेंगत घालवला तर दुसऱ्या दिवशी वाचलेलेही नीट आठवत नाही.

सकाळी पावणेसातला मोठा मुलगा कामावरून येतो. सहेरीचा डबा त्याने तिकडेच खाल्लेला असतो. धाकटा शाळेत गेलेला असतो, वडील फजरनंतरची पाऊण तासाची डुलकी आटोपून उठलेले असतात. सव्वासात ते सव्वाबारा ही खोली पूर्णपणे त्याची. आजीची खुर्ची छपरीत, मुलीचे पुस्तक स्वयंपाकघरात, दार ओढलेले. दुपारी अडीच ते चार हा तुकडा आईचा आणि मुलीचा. त्या वेळी मोठा मुलगा बाहेर, धाकटा आजीजवळ. सव्वाचारला आई इफ्तारच्या तयारीला लागते, आणि मुलगा पावणेसहापर्यंत पुन्हा पडतो, म्हणजे रात्रीच्या पहाऱ्याला तो जागा राहू शकेल.

आता पुन्हा बेरीज करा. आईची झोप सात तास पंचवीस मिनिटे, मुलीची आठ तास, वडिलांची सात, मुलाची साडेसहा. धाकटा रात्री पावणेनऊ ते सकाळी सव्वासहा, मध्ये कुणी न उठवता. घर तेच, माणसे तीच, रोजे तेच. फक्त तीन वेळा कागदावर लिहिल्या गेल्या : रात्र घराची, सकाळ मुलाची, दुपार आईची. हा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. तोंडी ठरलेले तिसऱ्या दिवशी विरते.

दुपारच्या झोपेला रमजानात संकोच करण्याचे कारण नाही. मुसलमान घरांत तिला कैलूला म्हणतात आणि ती जुनी चांगली सवय मानली जाते. शेजारच्या हिंदू घरात तिलाच वामकुक्षी म्हणतात. फक्त तिची लांबी सांभाळावी. वीस मिनिटांची डुलकी ताजी करते. झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते, त्यामुळे दीड तासाची झोपही बरी. पाऊण-एक तासाने गजर लावून उठले तर माणूस बहुधा गाढ झोपेतून ओढून काढला जातो आणि अर्धा तास डोके जड राहते. जे रात्री झोपतात त्यांनी चारनंतर पडू नये, नाहीतर रात्री सव्वादहाला झोप येणार नाही.

वेळ ठरली की मग खोली. पहिला नियम अंथरुणांच्या जागेचा. जो आधी उठतो किंवा उशिरा येतो, त्याचे अंथरूण दाराशी. जो सर्वांत जास्त वेळ सलग झोपतो, त्याचे आतल्या कोपऱ्यात. म्हणजे कुणालाही ओलांडून जावे लागत नाही. या घरात दाराजवळ आजी आणि आई, मग वडील, मग मुलगी, अगदी आत धाकटा. घरोघरी बहुधा उलटे असते : वडीलधारे आत, मुले दाराशी. मानाचा विचार बाजूला ठेवून एक आठवडा हे करून पाहावे.

दुसरा नियम उजेडाचा. झोपेची वेळ शरीराला मुख्यतः उजेडातून कळते. पांढरी ट्यूबलाइट डोळ्यांवर आली की मेंदू सकाळ झाली असे समजू लागतो, आणि मग पुन्हा झोप लागणे कठीण. म्हणून झोपायच्या खोलीतला मोठा दिवा सहेरीला लावायचाच नाही. पिवळा, अगदी कमी उजेडाचा झिरोचा बल्ब जमिनीलगत, टेबलाखाली किंवा कपाटाआड लावावा. पाय कुठे टाकायचा हे दिसते, पण झोपलेल्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. आजीलाही रात्री उठताना तोच उपयोगी, कारण अंधारात तिची पडझड होण्याचा धोका झोपमोडीपेक्षा मोठा आहे. स्वयंपाकघराच्या दाराला पल्ला नसेल तर गोधडी किंवा दुहेरी चादर दोरीवर टाकावी. ती आवाज फारसा अडवत नाही, उजेड मात्र अडवते. सकाळी झोपणाऱ्या मुलासाठी तीच गोधडी खिडकीवर जाते. त्याने कामावरून परतताना कोवळ्या उन्हात उगाच रेंगाळू नये. टोपी पुढे ओढावी आणि थेट घरी यावे, कारण सकाळचे ऊन शरीराला जागे करते.

तिसरा नियम आवाजाचा. झोप मोडतो तो बहुधा अचानक उठलेला आवाज. एकसारखा चालणारा पंखा कुणाला उठवत नाही, उलट भांड्याचा बारीक आवाज तो झाकतो. म्हणून थंडी असली तरी पंखा भिंतीकडे तोंड करून हळू चालू ठेवावा. गजर घरात एकच असावा, तोही फक्त आईच्या उशीखाली, थरथरणारा, आवाज बंद केलेला. बाकीच्यांना तिने पायाला हात लावून उठवावे. दर पाच मिनिटांनी पुन्हा वाजणारा गजर हा एकत्र खोलीतला सर्वांत मोठा चोर आहे. लावणारा झोपून राहतो आणि न लावणारे उठतात.

चहाचाही इथे संबंध आहे. चहातले कॅफीन शरीरातून अर्धे उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. साडेसहाला इफ्तारनंतर घेतलेला कप मध्यरात्रीपर्यंत बराच उतरतो. तरावीहनंतर दहाला घेतलेला कप सव्वादहाच्या झोपेला आडवा येतो. सहेरीला घेतलेला चहा फजरनंतरची डुलकी खातो. ज्यांना दोन्ही तुकडे हवेत, त्यांच्यासाठी रमजानात चहाची एकच चांगली वेळ उरते, आणि ती इफ्तारची.

शांतता आणि अंधार मिळवताना काही गोष्टींची खबरदारी घ्यावीच लागते. दारे-खिडक्या बंद करून आत शेगडी किंवा निखारे ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत मच्छर अगरबत्तीचा धूरही साचतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात हिवतापाची भीती असल्याने मच्छरदाणी हाच बरा उपाय. ती अंथरुणाखाली नीट खोचली तर जमिनीवर झोपणाऱ्याला आणखी एक संरक्षण मिळते : मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो, चावा दुखतही नाही. मच्छरदाणी त्याला आड येते. खोली लहान म्हणून खाट अंगणात टाकण्याची जुनी सोय आता गावाच्या कडेच्या घरांना जपूनच वापरावी लागते. बिबट-वाघाचा वावर असलेल्या भागात उघड्यावर झोपणे म्हणजे झोपेपेक्षा मोठी किंमत मोजणे.

दुसरी मर्यादा उन्हाची. मार्चअखेरीस टिनाचे छप्पर सकाळी अकरापासूनच तापू लागते, आणि तापलेल्या खोलीत झोप टिकत नाही. रात्रपाळीच्या मुलाने म्हणूनच घरी आल्यावर गप्पा, मोबाइल यांत दोन तास घालवू नयेत. सव्वासातला पडला तर पाच तास मिळतात. साडेनऊला पडला तर उकाडा त्याला अकरा-साडेअकरालाच उठवेल. रमजान संपल्यावर खरा उन्हाळा येईल तेव्हा हा तुकडा आणखी अलीकडे ओढावा लागेल आणि कूलर खोलीच्या सावलीच्या बाजूला लावावा लागेल.

ही वाटणी पहिल्या दिवशी जमत नाही. ज्यांना बाराला झोपायची सवय आहे ते सव्वादहाला डोळे उघडे ठेवून पडतील. त्यावर उपाय म्हणून मोबाइल हातात घेतला की सारे बिघडते. त्याचा उजेड शेजारच्यालाही लागतो. झोप येत नसेल तर छपरीत जाऊन बसावे, पण पहाटे उठायची वेळ हलवू नये. उठायची वेळ पक्की राहिली की चार-पाच दिवसांत झोप यायची वेळ आपोआप अलीकडे सरकते. मोठ्या मुलाच्या सुट्टीच्या दिवशीही एक अडचण येते. तो त्या दिवशी सर्वांसारखा रात्रभर झोपला तर पुढचे दोन दिवस त्याला सकाळी झोप लागत नाही. त्याने सुट्टीच्या रात्री बारा ते चार झोपावे, सर्वांबरोबर सहेरी करावी आणि पुन्हा सव्वासात ते सव्वाअकरा झोपावे. चार तासांचा नांगर रोजच्याच जागी राहतो.

शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्री हे वेळापत्रक मोडणार, हे आधीच धरावे. ज्याला इबादतीसाठी जागायचे आहे त्याने मशिदीत किंवा छपरीत जागावे, खोली मात्र झोपणाऱ्यांची राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी जागणाऱ्याला दुपारचा पूर्ण दीड तास द्यावा. एकाच घरातले सर्वजण एकाच रात्री जागले नाहीत तर कुणाचा रमजान उणा होत नाही. आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याच्या घरात दहावीचा पोरगा असेल, तर त्याची रात्रही आपल्या कागदावर धरावी. शेजारच्या घरातून कुणी मोहफुलांसाठी पहाटे निघत असेल, तर त्यानेही मोटारसायकल दारातच न तापवता रस्त्यावर नेऊन सुरू करावी. ही देवाणघेवाण आपल्याकडे नवी नाही, ती फक्त झोपेपर्यंत पोहोचायची आहे.

झोप खरोखर पुरते आहे की नाही, हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. बसल्या बसल्या पाच मिनिटांत डोळा लागत असेल, टीव्हीसमोर नव्हे तर बोलता बोलता माणूस हरवत असेल, वाचलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागत असेल, तर तूट साचली आहे. दुचाकीवर असताना गेले अर्धे किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल, तर ती धोक्याची घंटा आहे. अशा वेळी जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे डोळे मिटण्यातही शहाणपण नाही. गाव किंवा चहाची टपरी गाठावी आणि तिथे थांबावे. दुसरी बाजूही आहे. वाटणी नीट असूनही कुणी रोज पेंगत असेल, रात्री मोठ्याने घोरत असेल, घोरणे मध्येच थांबून श्वास अडकल्यासारखा आवाज येत असेल, तर तो खोलीचा दोष नाही. तो आजार आहे आणि त्याला डॉक्टरच हवा. एकत्र खोलीचा इथे एक फायदा आहे : श्वास अडकतो हे झोपणाऱ्याला बहुधा कळत नाही, शेजारी झोपलेल्याला कळते. त्याने ते सकाळी सांगावे, हसण्यावारी नेऊ नये.

ईदच्या दिवशी आई पहाटेपासून शीरखुर्म्यासाठी उभी असते, त्याआधीची चांदरात बाजारात गेलेली असते. घरातल्यांनी तिला कपडे आणि बांगड्या घ्याव्यातच. पण त्या दुपारी पाहुण्यांसमोर सरबताचे पेले दुसऱ्या कुणी फिरवावेत आणि तिचा अडीच ते चारचा तुकडा तिला मिळू द्यावा. दाराच्या आतला कागद ईदनंतर फाडून टाकायचा नाही. त्यावरची सहेरीची वेळ खोडायची, आणि तिथे घरात जो कोणी पुढे अंधारात उठणार आहे त्याचे नाव लिहायचे.